दामदुप्पट 75 महिन्यांत: 72 चा भागाकार चुकतोय की पत्रक?

सांजवेळ (धागाकर्ती)

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी पिग्मी गोळा करायला येणारा मुलगा परवा आईच्या हातात एक पिवळं पत्रक देऊन गेला. त्यांच्या पतसंस्थेची नवी योजना आहे. वर मोठ्या अक्षरांत "दामदुप्पट ठेव, फक्त 75 महिने" आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत "म्हणजेच वार्षिक 16 टक्के!". बाबांच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख बँकेत पडून आहेत, त्यामुळे आईचे डोळे चमकले.

रात्री भाचा जेवायला होता, बारावीतला. पत्रक बघून तो म्हणाला, "मावशी, 72 ला व्याजदराने भागलं की किती वर्षांत पैसे दुप्पट होतात ते कळतं. 72 भागिले 16 म्हणजे साडेचार वर्षं. मग हे 75 महिने का मागतायत?" 75 महिने म्हणजे सव्वासहा वर्षं. पावणेदोन वर्षांचा फरक काही किरकोळ नाही.

आई म्हणते भाच्याचा नियम मोबाईलवरचा असणार, पत्रक छापील आहे. मला दोन्ही खरं वाटतंय आणि दोन्ही खोटं वाटतंय. 72 चा नियम 16 टक्क्यांना चालत नाही का? का पत्रकातच गोम आहे? जाणकारांनी सांगा.

अर्धा कप

नियमच चुकीचा आहे. 72 हा आकडा फक्त भागायला सोपा म्हणून घेतलाय. 2, 3, 4, 6, 8, 9, 12, सगळ्यांनी भाग जातो ना. खरा आकडा 69.3. हे 2 चं नैसर्गिक लॉगॅरिदम गुणिले 100. तेव्हा 69.3 भागिले 16 करा, 4.33 वर्षं येतात. हे खरं उत्तर.

पत्रकवाल्यांनी सरळव्याज धरलंय, एवढीच गंमत.

माळावरची

वाचतेय. आमच्याकडेही असंच पत्रक आलंय, फक्त रंग गुलाबी.

जुना लेजर

अर्धा कप यांचं शेवटचं वाक्य सोळा आणे खरं आहे, आणि त्याआधीचा सगळा परिच्छेद या ठिकाणी गैरलागू. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी ठेव विभागात. जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्रक. 75 महिन्यांत लाखाचे दोन लाख, म्हणजे एक लाख व्याज. छापणाऱ्याने 100 टक्क्यांना 6.25 वर्षांनी भागलं. 100 भागिले 6.25 बरोबर 16. झालं, "वार्षिक 16 टक्के". पण हा दर तेव्हाच खरा जेव्हा संस्था दरवर्षी 16 हजार तुमच्या हातात ठेवेल आणि शेवटी मुद्दल लाख परत देईल. इथे तर हातात मधे काहीच मिळत नाही, सगळं आतच राहतं. आत राहिलेल्या व्याजावरही व्याज मिळायला हवं. तसं धरलं तर 16 टक्क्यांनी सव्वासहा वर्षांत लाखाचे दोन लाख 52 हजारांच्या वर व्हायला हवेत. ते देतायत दोन. वरचे बावन्न हजार कुठे गेले, हे त्या मुलाला विचारा. (त्याला विचारून उपयोग नाही खरं तर, तो बिचारा कमिशनवर आहे.)

आता 72 उलटा लावा. महिने माहीत आहेत, दर शोधायचाय. 72 भागिले 6.25, उत्तर 11.5. म्हणजे हे पत्रक चक्रवाढीने साधारण साडेअकरा टक्क्यांचं आहे. काटेकोर आकडा 11.73 येतो. पडताळा बघा: लाखाचे वर्षअखेर 1,11,730. दुसऱ्या वर्षी 1,24,836. तिसऱ्याला 1,39,479, चौथ्याला 1,55,840, पाचव्याला 1,74,120, सहाव्याला 1,94,544. उरलेल्या तीन महिन्यांत साडेपाच हजार, आणि गाडी दोन लाखांवर येऊन थांबली.

तेव्हा भाच्याला माझ्याकडून एक पेढा. नियम बरोबर लावला, फक्त त्याला दिलेला दरच खोटा होता. या नियमाचा माझ्या मते हाच खरा उपयोग आहे. दरावरून वर्षं काढणारे पुष्कळ भेटतात. "इतक्या दिवसांत दुप्पट" असं कोणी म्हटलं की त्यावरून दर काढणारे फार थोडे.

अर्धा कप

काका, आदर आहे, पण 69.3 गैरलागू कसा? गणिताचं पुस्तक उघडून बघा.

जुना लेजर

पुस्तकात बरोबरच आहे. पण तो आकडा अशा व्याजासाठी आहे जे क्षणाक्षणाला मुद्दलात मिळत राहतं. तसं व्याज देणारी खिडकी मी नोकरीत पाहिली नाही. वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात मिळालं तर पैसे जरा सावकाश वाढतात, म्हणून भाज्य 69.3 पेक्षा मोठा लागतो. किती मोठा, ते दरावर ठरतं. ढोबळ हिशोब असा की दर तीन टक्क्यांमागे साधारण एक मिळवायचा. 8 टक्क्यांना 69.3 अधिक पावणेतीन, म्हणजे 72. म्हणून हा नियम 8 च्या आसपास जवळजवळ तंतोतंत बसतो. 72 भागिले 8 बरोबर 9 वर्षं, आणि खरं उत्तर 9.006. दोन दिवसांचा फरक.

16 टक्क्यांना भाज्य पावणेपंचाहत्तर लागतो, म्हणून खरं उत्तर 4.67 वर्षं, म्हणजे 56 महिने. भाच्याच्या 72 ने 54 महिने दिले, तुमच्या 69.3 ने 52. कोण जवळ आहे?

भिंगरी

ज्यांना काकांचं पाठांतर झेपत नाही त्यांनी स्प्रेडशीट उघडून हे टाका. पहिली ओळ वर्षं देते, दुसरी दर.

```
=NPER(16%,0,-1,2)
=2^(1/6.25)-1
```

पहिलीचं उत्तर 4.67, दुसरीचं 0.1173. मग 69 की 72 हा वादच उरत नाही. पण पिग्मीवाला दारात उभा असताना लॅपटॉप उघडता येत नाही, तेव्हा 72 च बरा.

गणूचा मळा

रामराम मंडळी. हे 72 चं आमच्याकडं बी लागू होतंय का सांगा. गावातल्या एकाकडनं 40 हजार घेतल्यालं, शेकडा तीन रुपये महिना. आता दोन वर्षं झाली. त्यो म्हणतोय 80 हजार दे. म्या वरचं वाचून हिशोब क्येला, महिन्याला तीन म्हंजी वर्षाला 36. 72 भागिले 36, दोन वर्षं. म्हंजी त्याचं बरोबर हाय म्हणायचं का? दुप्पट झालंच की.

जुना लेजर

गणूभाऊ, थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका. व्याज कसं ठरलं होतं? महिन्याचं व्याज थकलं की त्यावर पुढच्या महिन्यात व्याज, असं काही बोलणं झालं होतं? का वर्षाला हिशोब करून चिठ्ठी बदलायची?

गणूचा मळा

चिठ्ठी बदलतो की पाडव्याला. पयल्या वर्षी व्याज दिलं न्हाई म्हून त्यानं व्याज मिळवून नवी चिठ्ठी क्येली. महिन्या-महिन्याचं काय बोलणं न्हवतं.

जुना लेजर

मग बघा. "शेकडा तीन" हे शब्द एकच, पण त्यांचे हिशोब तीन होतात.

सरळव्याज असेल तर महिन्याला 1,200 रुपये. दोन वर्षांचे 28,800. देणं 68,800. दुप्पट व्हायला 33 महिने आणि वर दहा दिवस लागले असते.

तुम्ही सांगता तशी वर्षाला चिठ्ठी बदलली, तर पहिल्या पाडव्याला 40,000 चे 54,400. त्यावर दुसऱ्या वर्षी 36 टक्के, म्हणजे 19,584. देणं 73,984. दुप्पट व्हायला 27 महिने.

महिन्या-महिन्याला चक्रवाढ लावली, तरच दोन वर्षांत 81 हजारांच्या पुढे जातं. तो 80 मागतोय म्हणजे त्याने हा तिसरा हिशोब लावून वरचे हजार-तेराशे सोडून दिल्याचं दाखवलंय, नाहीतर कुणीतरी त्यालाही 72 चा नियम शिकवलाय. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे तो सहा हजार जास्त मागतोय.

आणि तुमच्या भागाकारात काय चुकलं तेही सांगतो, म्हणजे पुन्हा फसायला नको. व्याज ज्या मुदतीने मुद्दलात मिळतं, त्या मुदतीचा दर घ्यायचा आणि उत्तरही त्याच मुदतीत वाचायचं. महिन्याला मिळत असेल तर 72 भागिले 3, उत्तर 24 महिने. खरं साडेतेवीस, म्हणजे छान जमतं. वर्षाला मिळत असेल तर दर 36, आणि एवढ्या मोठ्या दराला 72 तोकडा पडतो, तिथे 81 लागतो. 81 भागिले 36, सव्वादोन वर्षं. तुम्ही वर्षाचा दर घेऊन 72 ने भागलंत आणि नेमकं त्या माणसाच्या सोयीचं उत्तर आलं.

गणूचा मळा

सहा हजार म्हंजी दोन पोती खत आन वर मजुरी. चिठ्ठी हुडकतो.

काळा कोट

चिठ्ठी शोधाच, आणि जुनी चिठ्ठी त्याने फाडली का तेही आठवून ठेवा. पण त्याआधी एक गोष्ट: या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का? तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात चौकशी करता येते. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालासुद्धा सरकारने ठरवलेल्या कमाल दराच्या वर जाता येत नाही. महिना तीन टक्के त्या मर्यादेच्या पुष्कळ वर आहे. तेव्हा 80 की 74 हा वाद घालण्याआधी मुळात किती देणं लागतं हेच तपासायला हवं.

अवांतर: धाग्याच्या शीर्षकात "दामदुप्पट" बघून हसू आलं. जुन्या हिंदू कायद्यात "दामदुपट" नावाचा नियमच आहे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत आली. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही, असा तो नियम. म्हणजे दुप्पट ही सावकाराला घातलेली वेस होती. आता तोच शब्द ठेवीदाराला गाजर म्हणून दाखवतात.

नवी मुंबईकर

मस्त धागा. माझी एसआयपी आहे, महिना 5,000. फंडवाला 12 टक्के म्हणतो. 72 भागिले 12, सहा वर्षं. सहा वर्षांत माझे 3 लाख 60 हजार जातील, म्हणजे 7 लाख 20 हजार मिळतील. बरोबर ना? डिसेंबरमध्ये सहा वर्षं पूर्ण होतात, गाडीचं बुकिंग करावं म्हणतो.

भिंगरी

गाडी थांबवा! 😀

72 चा नियम एकदा टाकलेल्या रकमेला लागतो. तुमचा पहिला हप्ताच फक्त सहा वर्षं आत आहे. मागच्या महिन्यातला हप्ता एक महिना आत आहे, त्याने काय दुप्पट व्हायचं? सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया जेमतेम तीन वर्षं आत होता.

महिना 1 टक्का धरून स्प्रेडशीटमध्ये मांडलं: 72 हप्त्यांनंतर 5 लाख 29 हजारांच्या आसपास. म्हणजे भरलेल्याच्या दीडपटीलाही थोडं कमीच. भरलेले पैसे दुप्पट दिसायला याच दराने 126 हप्ते लागतात, साडेदहा वर्षं. तेही दरमहा न चुकता 1 टक्का मिळाला तर, आणि तो तसा मिळत नाही.

नवी मुंबईकर

च्यायला. एक लाख 91 हजारांची तफावत. ॲपवर आत्ता 4 लाख 70 दाखवतंय, मला वाटत होतं ॲपच गंडलंय.

डेट्रॉईटचा दादा

थोडा वेगळा सूर. हे पतसंस्था, टपाल, सावकार सगळं सोडा. एकरकमी निर्देशांक फंडात टाका, 12 टक्के धरा, सहा वर्षांत दुप्पट, बारा वर्षांत चौपट, अठरा वर्षांत आठपट. 72 चा नियम खरा चमकतो तो इथे.

जुना लेजर

दादा, इथेच तो सगळ्यात जास्त फसवतो. नियमाची अट अशी की दर दरवर्षी तोच हवा. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता. तिथे पैसे टाकणाऱ्याने सहा वर्षं मोजली असती तर 2014 च्या जानेवारीत सेन्सेक्स जवळपास तिथेच होता. 42 हजार दिसले ते जानेवारी 2020 मध्ये. बारा वर्षं. 72 भागिले 12, सहा टक्के. (लाभांश वेगळा, तो धरला तर थोडं बरं दिसतं.) आणि मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास असताना ज्याने धाडस केलं, त्याचे सहा महिन्यांत दुप्पट झाले. बाजार तोच, मधे चौदा महिनेच, आणि एकाला बारा वर्षं लागली, दुसऱ्याला सहा महिने.

मागे वळून बघताना हा भागाकार चालतो. पुढचं सांगायला नाही.

डेट्रॉईटचा दादा

2008 चं शिखर निवडून कोणीही काहीही सिद्ध करू शकतो काका. पण ठीक, मुद्दा पोचला. अर्धवट सहमत.

पिंपळपान

जुन्या पेटीत बाबांचं किसान विकास पत्र सापडलं होतं त्याची आठवण झाली. 1988 मध्ये ही पत्रं सुरू झाली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट. जाड कागद, टपाल खात्याचा गोल शिक्का. त्यावर व्याजाचा दर कुठेच नव्हता, फक्त किती दिवसांनी किती मिळणार ते. 72 भागिले 5.5 केलं तर 13 टक्के येतात.

मग 2011 मध्ये योजना बंद केली, 2014 मध्ये पुन्हा आणली ती 100 महिन्यांची. आज 115 महिने, दर 7.5. आईला विश्वासाचं हवं असेल तर हे का नाही बघत?

भिंगरी

पिंपळपान, तुमच्या बाबांच्या पत्राचा काटेकोर दर 13.43 निघतो, पण पेटीतल्या कागदाला 13 पुरेसं आहे.

आणि आजचा आकडा बघून मला गंमत वाटली. 72 भागिले 7.5 म्हणजे 9.6 वर्षं, म्हणजे 115.2 महिने. सरकारी कागदावर 115. दर 7.2 होता तेव्हा 120 महिने होते, आणि 72 भागिले 7.2 बरोबर दहा वर्षं! टपाल खात्यात कोणीतरी आमच्यासारखं बोटं मोजत बसलेलं असणार.

अर्धा कप

मग मला एक सांगा. माझी बँकेत 7 टक्क्यांची मुदत ठेव आहे. 72 ने 10.3 वर्षं येतात. बँकेच्या पावतीवर दहा वर्षांनी दुप्पट होऊन वर थोडे सुट्टे पैसे दिसतात. 70 ने भागलं तर बरोबर दहा येतात. म्हणजे 72 पुन्हा चुकला, आणि मी म्हणत होतो तेच, आकडा खाली हवा.

जुना लेजर

हे मात्र तुम्ही अचूक पकडलंत. मुदत ठेवीवर आपल्या बँका तिमाही चक्रवाढ देतात. व्याज वर्षातून चारदा मुद्दलात मिळतं, त्यामुळे भाज्य 72 वरून घसरून 70 च्या जवळ येतो. तुमच्या ठेवीचं काटेकोर उत्तर 9.99 वर्षं. 8 टक्क्यांनाही तसंच, 70 भागिले 8 म्हणजे पावणेनऊ, आणि खरंही पावणेनऊच. किसान विकास पत्रात चक्रवाढ वर्षाची, म्हणून तिथे 72. बँकेच्या ठेवीला 70. माझ्या टेबलावर मी 70 च वापरत होतो, आणि इथे 72 ची वकिली करत बसलो.

अर्धा कप

🙏 स्क्रीनशॉट काढून ठेवला.

फॉर्म सोळा

सगळे एक गोष्ट विसरलात, कर. किसान विकास पत्राचं व्याज करपात्र आहे, टीडीएस कापत नाहीत म्हणून लोकांना ते करमुक्त वाटतं. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून 31.2 जातात. 7.5 चे उरले 5.16. 72 भागिले 5.16, जवळजवळ 14 वर्षं. 115 महिने कुठले!

पिंपळपान

पण पत्र तर 115 महिन्यांनीच दुप्पट होणार ना? कर मी पगारातून भरणार.

फॉर्म सोळा

कागदावर होईल हो. पण दरवर्षी खिशातून जे गेलं ते कुठल्या खात्यात धरणार? आणि व्याज दरवर्षी दाखवायला हवं. सगळं शेवटच्या वर्षी दाखवलं तर त्या एका वर्षात टप्पा चढतो.

पिंपळपान

माझा सीए म्हणतो हातात आलं की दाखवा. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

फॉर्म सोळा

एकदा जी पद्धत धरली तीच पुढे चालवा, एवढंच म्हणेन. बाकी तुमचा सीए आणि तुम्ही. सांजवेळ यांच्या आईंचं उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर त्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नाही.

माळावरची

आमच्या गुलाबी पत्रकावर 72 लावला. "पाच वर्षांत दामदुप्पट, 20 टक्के". 72 भागिले 5, जवळजवळ साडेचौदा. बरोबर?

जुना लेजर

काटेकोर 14.87, पण तुमचं पुरेसं आहे. आणि आता पुढचा प्रश्न स्वतःला विचारा. आजूबाजूच्या बँका सात-साडेसात देत असताना जवळजवळ पंधरा देणारी संस्था पैसे कर्जाने कुणाला देते, आणि किती टक्क्यांनी? पंधरा ठेवीदाराला, वर खर्च, वर बुडीत. म्हणजे एकोणीस-वीस देणारा कर्जदार हवा. असा कर्जदार कुणाच्या दारात जातो, तर ज्याला बँकेने परत पाठवलंय तो. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, हेही लक्षात असू द्या. सगळ्याच संस्था वाईट नसतात, आमच्या गावातली एक चाळीस वर्षं चोख चालली आहे. पण तिने कधी दामदुप्पट पाच वर्षांत दिली नाही.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार, विशेषतः जुना लेजर काकांचे. काल आईला घेऊन पतसंस्थेत गेले होते. व्यवस्थापक सज्जन वाटले. मी विचारलं, "16 टक्के असेल तर 75 महिन्यांत अडीच लाख व्हायला हवेत ना?" त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, दोनदा बटणं दाबली, आणि म्हणाले, "मॅडम, ते सरासरी लिहिलंय. पत्रक बाहेरून छापून आलं." मग मी एका वर्षाच्या ठेवीचा दर विचारला. साडेनऊ टक्के.

मग विचारलं, मधेच मोडली तर? दोन वर्षांच्या आत काही व्याज नाही, त्यानंतर 6 टक्के, तेही सरळ. हे पत्रकात कुठेच नव्हतं. ठेव पावतीच्या मागे बारीक अक्षरांत आहे म्हणाले. कोरी पावती मागितली तर ती मात्र ठेव ठेवल्यावरच मिळते.

आईने तिथे चकार शब्द काढला नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "साडेअकरा काही वाईट नाहीत गं."

काका, साडेनऊची संस्था सव्वासहा वर्षं अडकवून पावणेबारा देते, हे दोन टक्के अडकवण्याचे समजायचे का धोक्याचे?

जुना लेजर

दोन्हींचे. त्यातला कुठला किती, ते त्यांचा ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा वर्ग बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि 72 तर मुळीच सांगू शकत नाही. आई सभासद असतील तर वार्षिक अहवाल मागा. थकबाकीचं पान आधी बघा. आणि चार लाख एकाच जागी नकोत, हे बँकेलाही लागू.

गणूचा मळा

चिठ्ठी घावली. दुसरी, पाडव्याला बदलल्याली हाय, 54,400 ची, त्याच्याच अक्षरात. पयली त्यानं फाडली. वकीलसाहेब, ह्याच्यावर तारीख हाय पन सही नुसती माझीच हाय, त्याची न्हाई. चालंल का?

काळा कोट

अक्षर त्याचं आहे ना? चालवून घेऊ. फोटो काढा दोन्ही बाजूंचे, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. मला व्यक्तिगत निरोपात तालुका कळवा.

सांजवेळ

पिग्मीवाला आत्ताच येऊन गेला. आईने रोजचे पन्नास दिले आणि त्याला पाटावर बसवून विचारलं, "72 भागिले सव्वासहा किती रे?" तो म्हणाला उद्या विचारून सांगतो.